बाजारभावाचा तक्ता मोबाइलवर: तक्ताच ठेवावा की ओळीगणिक यादी करावी?

कांद्याच्या बाजारभावाच्या तक्त्यात बाजार समिती, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे सहा रकाने असतील, तर ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर प्रत्येकाला जेमतेम ६० पिक्सेल मिळतात. मग ‘सर्वसाधारण’ हा शब्द तुटतो, किंवा तक्ता आडवा सरकवावा लागतो आणि दर दिसेपर्यंत समितीचे नाव डावीकडे नाहीसे होते.

त्याच तक्त्यातील एका ओळीची यादी, आकडे नमुन्याचे धरून, अशी होते:

लासलगाव
- आवक: ८,००० क्विंटल
- कमीत कमी दर: ७०० रु.
- जास्तीत जास्त दर: १,९०० रु.
- सर्वसाधारण दर: १,५०० रु.

येथे रकान्याचे नाव प्रत्येक आकड्यासोबत येते, हा खरा लाभ आहे. सर्व ओळींत सारखेच असलेले ‘क्विंटल’ हे परिमाण मात्र आकड्यालाच जोडावे. मूळ तक्त्यात एकाच समितीचे नाव लाल आणि उन्हाळी कांद्याच्या दोन ओळींसाठी एकत्रित चौकटीत असेल, तर ते दोन्ही याद्यांवर पुन्हा लिहावे. अन्यथा दुसरी यादी निनावी राहते.

तथापि, पंधरा समित्यांपैकी सर्वाधिक दर कोठे आहे हे पाहायचे असल्यास तक्ताच सरस ठरतो, कारण नजर एकाच रकान्यातून खाली जाते. अशा वेळी मी समिती आणि सर्वसाधारण दर एवढ्या दोनच रकान्यांचा तक्ता वर ठेवून तपशिलाच्या याद्या त्याखाली देईन.