स्मृतिफलकाचा मजकूर: तीन मसुदे शेजारी ठेवून

नागपुरातील एका शाळेत आईने अनेक वर्षे शिकवले आणि तिच्या पश्चात मुलांनी त्या शाळेला थंड पाण्याच्या कूलरची देणगी द्यायचे ठरवले, असे उदाहरण घेऊ. पैसे, जागा आणि दगड ठरल्यावर दगडावर काय कोरायचे यावरून मात्र घरात तीन मते होतात. ती पुढे दिली आहेत. नावाच्या जागी रेघ ठेवली आहे.

पहिला मसुदा: «आमच्या परमपूज्य मातोश्री कै. श्रीमती — यांच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त त्यांचे चिरंजीव, सुना व नातवंडे यांच्यातर्फे वॉटर कूलर सप्रेम भेट»

दुसरा: «कै. — यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट»

तिसरा: «या शाळेच्या शिक्षिका — (१९४१–२०२३) यांच्या स्मरणार्थ पिण्याच्या पाण्याची सोय. — कुटुंबीय»

पहिल्या मसुद्यात भावना खरी असली तरी तो निमंत्रणपत्रिकेच्या भाषेत लिहिलेला आहे. «परमपूज्य» हे मुलांचे आईशी असलेले नाते झाले. पाणी प्यायला आलेल्या पाचवीतल्या मुलीला त्यातून आईविषयी काहीच कळत नाही. «प्रथम पुण्यस्मरणानिमित्त» हे शब्द एका दिवसापुरते खरे असतात, फलक मात्र वीस वर्षे भिंतीवर राहतो. «चिरंजीव, सुना व नातवंडे» या यादीत मुलींना जागाच उरलेली नाही, आणि वर्गणीत मुलीचाही वाटा असेल तर ही चूक दगडावर कायमची राहते. «कुटुंबीय» या एका शब्दात सगळे येतात. तो दीर्घ «बी» ने लिहावा.

मला या मसुद्यात सर्वांत धोक्याचा वाटतो तो «वॉटर कूलर» हा उल्लेख. नागपूरच्या उन्हाळ्यात शाळेतले यंत्र सतत चालते, ते काही वर्षांनी बदलावे लागते, आणि नव्या यंत्राशेजारी जुन्या देणगीचा फलक ठेवायचा की काढायचा, असा प्रश्न संस्थेपुढे येतो. म्हणून फलक यंत्रावर न लावता भिंतीवर लावावा, त्यात वस्तूऐवजी सोयीचा उल्लेख करावा, आणि यंत्र बदलले तरी फलक राहील, हे देणगीच्या पत्रात लिहून घ्यावे.

दुसरा मसुदा या सगळ्यातून सुटतो. जागा लहान असेल, म्हणजे बाकावर किंवा पुस्तकांच्या कपाटावर पितळी पट्टी लावायची असेल, तर तोच योग्य आहे. त्याची उणीव एवढीच की आई कोण होती हे तो सांगत नाही. ज्या शाळेत तिने शिकवले तिथे ही उणीव मोठी वाटते.

तिसऱ्या मसुद्यात दोन वर्षांचे आकडे आल्यामुळे नावाआधी «कै.» लावण्याची गरज उरत नाही. नागपुरात ही सवलत कामाची आहे, कारण कोणी «कै.» लिहितात, हिंदीच्या सहवासाने कोणी «स्व.», बौद्ध कुटुंबांत «कालकथित» लिहितात, आणि यांतला चुकीचा शब्द पडला तर घरच्यांना तो खुपतो. उपाधीच हवी असेल तर «दिवंगत» कोणालाही चालते. वडीलधाऱ्यांना नुसते नाव उघडे वाटेल, पण «यांच्या» या रूपात आदर आलेलाच असतो, हे त्यांना दाखवून द्यावे. मसुदा वीसेक शब्दांच्या आत राहतो, आणि शेवटच्या ओळीतले कुटुंबीयांचे नाव बाकीच्या अक्षरांपेक्षा लहान ठेवले की देणाऱ्यापेक्षा आई मोठी दिसते. देणगीची रक्कम मात्र तिन्हींपैकी कशातही नको.

शिक्षिका असलेल्या आईसाठी मी तिसरा मसुदा निवडेन. जिचे त्या संस्थेशी नाते नव्हते तिच्यासाठी «या शाळेच्या शिक्षिका» हे शब्द गाळून तोच वापरता येतो. अट एकच: वर्षे कुटुंबीयांच्या आठवणीवरून न घेता जन्मदाखला आणि मृत्युदाखला पाहून लिहावीत.

कोरण्याआधी कारागिराकडून प्रत्यक्ष आकाराची कागदी प्रत मागून ती भिंतीवर चिकटवावी आणि दोन-तीन मीटरवरून वाचून पाहावी. देवनागरीत वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे ओळी जवळ आल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की «स्मरणार्थ» मधला रफार बहुधा सर्वांत आधी बिघडतो, आणि हिंदी मजकूर बसवण्याची सवय असलेल्याकडून «स्मृति में» ची छाया मराठीवर पडते. कागदावरच्या दुरुस्त्या संपल्या की त्याच प्रतीवर घरातल्या दोघांनी सही करावी. ग्रॅनाइटवर कोरलेले अक्षर खोडता येत नाही, पाटी नवीच करावी लागते.