उकडा, ब्राऊन आणि पांढरा: काही महिने तिन्ही खाल्ल्यानंतर

घरात आता तीन डबे आहेत. पांढरा कोलम, ब्राऊन राईस आणि मालवणहून येणारा उकडा. त्यातला ब्राऊनचा डबा संपला की परत भरणार नाही.

कागदावर ब्राऊनच सरस आहे. थायमिन, म्हणजे बी-१, दाण्याच्या कोंड्यात आणि अंकुरात असतं, आणि पॉलिश करताना नेमकं तेच खरवडून जातं. शंभर ग्रॅम कच्च्या ब्राऊनमध्ये साधारण ०.४ मिलिग्रॅम, तर पॉलिशच्या पांढऱ्यात जेमतेम ०.०७. पण त्याच कोंड्यात तेलही असतं. उन्हाळ्यात आमच्या डब्याला खवट वास यायला लागला, आणि शिजवल्यावर तो वास जात नाही. शिवाय मुलं तो भात चघळत बसतात.

उकड्यात भात कांडण्याआधी टरफलासकट भिजवतात, वाफवतात आणि वाळवतात. भिजताना आणि वाफवताना थायमिन पाण्यासोबत कोंड्यातून दाण्याच्या आत मुरतं. वाफेने पिष्ट चिकट होऊन घट्ट बसतं, त्यामुळे नंतर गिरणीत कोंडा काढला तरी बरंचसं आतच राहतं, साधारण ०.२ मिलिग्रॅम. दिवसाला दोनशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला पांढऱ्यातून ०.१४, उकड्यातून ०.४ मिळतं; मोठ्या माणसाची गरज १.२ च्या आसपास आहे. डाळ-भाजी खाणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. पण भातावरच पोट भरणाऱ्याला तो जिवावर बेततो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलायात पांढरा तांदूळ खाणाऱ्या चिनी मजुरांना बेरीबेरी, म्हणजे थायमिनच्या कमतरतेचा आजार, व्हायची, उकडा खाणारे तमिळ मजूर बहुतेक वाचायचे. फ्रेझर आणि स्टँटन या डॉक्टरांनी तिथल्याच जावानी मजुरांच्या टोळ्यांना वेगवेगळा तांदूळ देऊन पाहिलं. बेरीबेरी पांढरा खाणाऱ्यांतच निघाली.

एक मात्र आहे: कोंडा गेला की तंतूही जातात. त्या बाबतीत पॉलिश केलेला उकडा पांढऱ्याच्याच जवळचा. कोंडा शिल्लक ठेवलेला लालसर उकडा घेतला तर दोन्ही मिळतं.

ओळखायला सोपं आहे. दाणा उजेडात धरा. साधा तांदूळ पांढुरका दिसतो, उकडा काचेसारखा पिवळसर. दाण्याच्या मधोमध पांढरा ठिपका दिसला तर वाफ आतपर्यंत पोचलेली नाही.

शिजवायला वेळ लागतो. रात्री भिजवून, त्याच पाण्यासकट उघड्या पातेल्यात चांगलं पाऊण तास. थायमिन पाण्यात विरघळतं, म्हणून तांदूळ एकदाच हलका धुवायचा आणि वरचं पाणी ओतून द्यायचं नाही. मालवणात तेच पेजेत पोटात जातं. सासूबाई सकाळी पेजेसोबत लोणचं घेतात, मी सुका बांगडा. कोलम आता पाहुणे आले की आणि खिचडीला निघतो, कारण उकड्याची खिचडी आमच्याकडे कोणालाच आवडली नाही.