जर्मनचं तुटकं क्रियापद: आधी लावायचं की शेवटी?

सोलापुरात जर्मन शिकणारे दोन पद्धतीने भाषांतर करतात. जर्मनमध्ये काही क्रियापदांचा सुरुवातीचा तुकडा तुटून वाक्याच्या शेवटी जातो. वाक्य घ्या: 'एर ह्योर्ट उम आख्ट मिट डेअर आर्बाइट आउफ'. पहिली पद्धत म्हणजे दिसेल तसं लावत जायचं, 'ह्योर्ट' आलं की 'ऐकतो' लिहून टाकायचं, मग 'आठ वाजता, कामासोबत' आणि शेवटी 'आउफ' आलं की सगळं खोडा, कारण 'आउफह्योरेन' म्हणजे थांबणं, ऐकण्याचा काय संबंध ओ!

दुसरी पद्धत, 'ह्योर्ट' नुसतं लक्षात ठेवायचं, मधलं सगळं मराठीत मांडत जायचं, 'तो आठ वाजता लूमवरचं काम...' (लूम माझा, जर्मनमध्ये नुसतं काम आहे) आणि 'आउफ' दिसलं की 'थांबवतो'. मराठीत क्रियापद शेवटीच लागतं, त्यामुळे थांबून काहीच बिघडत नाही. शेवटी 'त्सू' असतं तर अर्थ लक्ष देऊन ऐकणं झाला असता, पण मधलं 'मिट' आधीच 'आउफ'कडे इशारा करतंय.

मला दुसरीच बरी वाटते. फक्त तुकडा पूर्णविरामापाशीच शोधू नका, पुढे 'वाइल'चं, म्हणजे 'कारण'चं, वाक्य जोडलं असेल तर तो बहुतेक स्वल्पविरामाआधीच सापडतो. आणि त्या 'वाइल'च्या वाक्यात तर क्रियापद अख्खं शेवटी येतं, 'वाइल एर आउफह्योर्ट', अगदी आपल्यासारखं.