संघ जाहीर होण्याआधीचा भाव आणि नंतरचा भाव

फुटबॉल सामन्याचा अंतिम संघ साधारण तासभर आधी जाहीर होतो. समजा, यजमानांचा मुख्य स्ट्रायकर दुखापतीमुळे खेळेल की नाही याची खात्री नाही आणि त्यांच्या विजयावरच्या पैजेचा भाव 2.00 आहे, म्हणजे 100 लावून जिंकलात तर 200 परत, आणि विजयाची शक्यता 50 टक्के. तो खेळला तर ती 54 टक्के, नाही खेळला तर साधारण 44. आदल्या दिवशीच्या भावात या दोन्ही शक्यता आधीच मिसळलेल्या असतात.

यादीत त्याचं नाव दिसलं की काही क्षणांत भाव 1.85 वर येतो, कारण बुकमेकरांच्या यंत्रणा आणि मोठ्या पैजा लावणारे ती यादी आपल्याआधी वाचतात. 2.00 ला घेणाऱ्याच्या 100 वर आता सरासरी 108 परत येण्याची अपेक्षा आहे. 1.85 ला घेणाऱ्याला जेमतेम 100, आणि बुकमेकरचं मार्जिन, म्हणजे त्याने भावात राखलेला नफा, धरलं तर त्याहून कमी. बातमी दोघांचीही खरी, पण दुसऱ्याने तिची पूर्ण किंमत मोजली. मला हीच चूक सर्वांत जास्त दिसते: ‘तो खेळतोय’ म्हणून पैज लावणं, भाव न पाहता.

लवकर घेणं मात्र आपोआप फायद्याचं नाही. स्ट्रायकर बाकावर बसला तर 2.00 चा भाव 2.30 होतो आणि तुम्ही महागात अडकता. शिवाय लवकरच्या बाजारात मार्जिन बहुधा जास्त, पैजेची मर्यादा कमी. तो खेळण्याची शक्यता बाजारापेक्षा तुम्ही अचूक ओळखली असेल, तरच 2.00 स्वस्त.