फोटो-एडिटिंगचं एआय टूल, आठ-नऊ महिन्यांनंतर: बाकी सगळं झकास, पण हसू लावायला सांगू नका

आमचा स्टुडिओ लहान आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि सगळ्यात जास्त जुन्या फोटोंची दुरुस्ती. त्यासाठीच हे टूल घेतलं. ओरखडे आणि बुरशीचे डाग घालवणं, मागचा पडदा बदलणं, शर्टावर कोट चढवणं, कृष्णधवल फोटो रंगीत करणं या कामांत ते पैसे वसूल करून देतं. पूर्वी अर्धा दिवस खाणारी कामं आता चहा होईपर्यंत उरकतात.

गाडी अडते ती एकाच फर्माईशीवर. "बाबांचा फोटो फार गंभीर आहे, जरा हसरा करून द्या." तसबिरीसाठी आणलेल्या फोटोंत हे हमखास येतं, कारण घरात फोटो असतो तो ओळखपत्राचा, ओठ मिटलेला.

टूलने फोटोचा कुठला भाग बदलायचा ते आपण आखून देतो, त्याला मास्क म्हणतात. मागचा पडदा बदलताना मास्कच्या बाहेरचा चेहरा मी जसाच्या तसा ठेवू शकतो. कोट चढवला तरी नाक-डोळ्यांना धक्का नाही. हसू मात्र ओठांपुरतं राहत नाही. ओठांचे कोपरे वर जातात तसे गाल उचलले जातात, खालची पापणी फुगून डोळे बारीक होतात, नाकपुड्या रुंदावतात, वरचा ओठ पातळ होतो, नाकापासून ओठाकडे येणारी घडी खोल होते, हनुवटी ताणली जाते. माणूस ओळखायला आपण जे जे बघतो, ते सगळं एकदम हलतं.

त्यातून मास्क कुठवर काढायचा हा पेच. फक्त तोंडाभोवती काढला, तर खाली हसणारं तोंड आणि वर ओळखपत्रातले थंड डोळे. मुखवटा चिकटवल्यासारखं दिसतं. खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायूही आकसतो, हे फ्रेंच डॉक्टर ड्युशेनने १८६२ सालीच लिहून ठेवलंय. मास्क पूर्ण चेहऱ्यावर घेतला, तर हसू सुसंगत येतं, पण टूल सगळा चेहराच नव्याने काढतं.

आणि नव्याने काढायला त्याच्याकडे माहिती कुठे असते? मिटलेल्या ओठांच्या फोटोत दात नाहीत, हसताना खळी पडते का ते नाही, ओठांचा एक कोपरा जास्त वर जातो का तेही नाही. टूल ही जागा शिकताना पाहिलेल्या असंख्य हसऱ्या चेहऱ्यांच्या अंदाजाने भरतं. तो अंदाज बहुधा तरुण, गुळगुळीत, सरळ दातांचा असतो. म्हणून हसू मागितलं की वय चार-पाच वर्षांनी उतरतं आणि गालावरचा तीळही कधी कधी पुसला जातो.

एक काम सांगतो. साठीतले गृहस्थ, वर्षश्राद्धासाठी तसबीर हवी होती. टूलने दिलेलं हसू बघणाऱ्या कुणालाही आवडलं असतं: दोन्ही बाजूंना सारखं, पांढऱ्या दातांची ओळ. मुलगी बघून म्हणाली, "दादा, हे बाबा नाहीत. बाबांचे कुणी चुलतभाऊ वाटतात." मी घरातला दुसरा कुठलाही फोटो मागितला. एका लग्नाच्या ग्रुप फोटोत ते हसताना सापडले: डावा कोपरा वर, उजवा जवळपास जागेवर, आणि डावीकडचा सुळा थोडा पुढे आलेला. टूलने नेमकं हेच सरळ करून टाकलं होतं. ग्रुप फोटोतला चेहरा लहान होता, पण मान त्याच बाजूला वळलेली होती. तोंड तिथून उचललं, आकार-उजेड जुळवला, गाल आणि खालची पापणी हाताने वर घेतली. दुपार गेली. "हां, आता बाबा," म्हणाली.

चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर पडताळणी करा असं कुणी सुचवेल. पण ती सॉफ्टवेअर्स हावभाव बदलला तरी माणूस एकच धरायला शिकवलेली असतात. त्यामुळे गुण चांगले पडतात आणि घरचे मात्र नाही म्हणून मान हलवतात. माझी कसोटी साधी आहे. जुना आणि नवा फोटो दोन लेयरमध्ये एकावर एक ठेवून, वरचा लेयर दाखवणारी-लपवणारी डोळ्याची खूण पटापट चालू-बंद करायची. कानाच्या पाळ्या, केसांची रेघ आणि डोळ्यांमधलं अंतर हललं, तर टूलने चेहरा बदलला असं समजायचं. ही तीन ठिकाणं हसल्यावर फारशी हलत नाहीत. आणि प्रत्येक वेळी मूळ फोटोपासूनच सुरुवात. एडिट केलेल्यावर पुन्हा एडिट केलं की माणूस दर फेरीला थोडा थोडा सरकत जातो.

दुसरा फोटो मिळालाच नाही, तर मी हे टूल वापरतच नाही. फोटोशॉपच्या लिक्विफायमध्ये स्माइलचा स्लायडर आहे. तो नवीन काही रचत नाही, आहेत तेच पिक्सल सरकवतो. ओठ मिटलेलेच ठेवून कोपरे किंचित वर घ्यायचे, बस. दात दिसणारं हसू त्यातून निघणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

जाड चष्मा काढणं आणि वय कमी करणं यांतही चेहरा थोडा सरकतो, पण घरच्यांना इतकं खटकत नाही.

दुरुस्ती आणि पार्श्वभूमीसाठी डोळे झाकून घ्या. दात दाखवणाऱ्या हसऱ्या तसबिरीची ऑर्डर मात्र आम्ही आता दात दिसणारा दुसरा फोटो हातात आल्याशिवाय लिहून घेत नाही, आणि त्याचा दर वेगळा.