पासबुकातलं अनोळखी नाव शोधायला गेले आणि २४,८७० रुपये गेले

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये डबे देते. निम्मी मुलं कॉलेजची, निम्मी अंबडच्या कारखान्यांतली. पैसे सगळे यूपीआयवर येतात, त्यामुळे महिन्याचं स्टेटमेंट लांबलचक असतं आणि मी ते नीट वाचत नव्हते. ऑगस्टच्या शेवटी हिशोब जुळेना, म्हणून एकेक ओळ बघत गेले. त्यात १२ तारखेला ३९९ रुपये गेलेले दिसले. मागे पाहिलं तर मे, जून आणि जुलैलाही १२ तारखेलाच ३९९ गेलेले. एकूण १,५९६. ओळ साधारण अशी होती (नाव आणि आकडे झाकले आहेत):

```
UPI/DR/5XXXXXXXXXXX/SMXXX TE/UTIB/smxxx.pay/Manda
```

हे नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. घरात विचारलं, कुणालाच माहीत नाही. मग मी जे केलं ते कुणी करू नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी ते नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं मोबाइलवर शोधलं. एका पानावर तेच नाव मोठ्या अक्षरात आणि खाली मोबाइल नंबर होता. फोन लावला. समोरचा माणूस हिंदीत, अगदी आदराने बोलत होता. "मॅडम, कितने कटे?" असं त्यानेच विचारलं. खरं म्हणजे तिथेच मला कळायला हवं होतं. पैसे ज्याने घेतले त्याच्याकडे रक्कम असते, त्याने ती मला सांगायला हवी होती. मीच त्याला रक्कम, तारीख, बँक सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, रिफंड मंजूर झालाय, फक्त कोड टाकायचा. त्याने एक यूपीआय आयडी दिला आणि अ‍ॅपमध्ये पैशांच्या चौकोनात 'रिफंड कोड २४८७०' टाकायला लावला. मग पिन. मी पिन टाकला. तो कोड नव्हता, ती रक्कम होती. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मला माहीत होतं. पण त्या घाईत, 'कोड' हा शब्द कानावर पडत असताना, ते सुचलंच नाही. महिन्याच्या किराण्याचे पैसे होते ते.

शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी लगेच १९३० ला फोन लावून दिला, बँकेला कळवायला लावलं आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवून घेतली. त्या व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक दोन्हीकडे विचारला, तो हाताशी होता म्हणून वेळ गेला नाही. समोरच्या खात्यात ६,२०० शिल्लक होते, ते रोखले गेले. बाकीचे तोपर्यंत पुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "ते ३९९ वाले कोण हे अजून कळलंच नाही की. १२ तारखेला परत जातील." मग आम्ही शोधायला बसलो, पण या वेळी फोन नंबर शोधायचा नाही, असं ठरवून.

काकांनी आधी ती ओळ वाचायला शिकवली. DR म्हणजे खात्यातून गेलेले. १२ आकडे तो यूटीआर. UTIB हा ज्या बँकेतून पैसे घेणाऱ्याचा व्यवहार होतो तिचा चार अक्षरी कोड. तो कंपनीचा नसतो, म्हणून त्या बँकेत जाऊन भांडण्यात अर्थ नाही. आणि नाव, आयडी, शेवटचा शब्द हे सगळं जागेअभावी तोडलेलं असतं. 'Manda' म्हणजे मँडेट, अर्थात ऑटो-पे. या तुटलेल्या नावाने शोधलं, की भामट्यांनी पेरलेली पानं हमखास समोर येतात.

पूर्ण नाव पासबुकात नाही, पेमेंट अ‍ॅपमध्ये असतं. माझ्या नेहमीच्या अ‍ॅपमध्ये ऑटो-पेची यादी रिकामी होती. मी हिरमुसले. काकांनी विचारलं, "दुसरं अ‍ॅप आहे का?" होतं, क्वचित वापरलेलं. मँडेट ज्या अ‍ॅपमधून केलं असेल, तिथेही ते बघायला हवं. तिथे ते सापडलं: कंपनीचं पूर्ण नाव, दरमहा, कमाल रक्कम ९९९, सुरुवात एप्रिलमध्ये, १ रुपयाने. एप्रिल म्हटल्यावर लेक गप्प झाली. तिने सराव परीक्षांचं एक अ‍ॅप '१ रुपयात पहिला महिना' म्हणून माझ्या फोनवर सुरू केलं होतं. पिन तिला माहीत होता.

पण अ‍ॅपचं नाव वेगळं आणि हे नाव वेगळं. दोन्ही एकच हे सिद्ध कसं करायचं? प्ले स्टोअरवर त्या अ‍ॅपच्या पानावर खाली विकसकाचं नाव आणि पत्ता असतो, आणि अ‍ॅपच्या अटींच्या पानावर चालवणाऱ्या कंपनीचं कायदेशीर नाव. ते दोन्हीकडे मँडेटमधल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं. मग mca.gov.in वर कंपनीची नोंद पाहिली. तिथला नोंदणीकृत पत्ता अटींच्या पानावरचाच निघाला. सारख्या नावाच्या आणखी कंपन्या तिथे होत्या, म्हणून पत्ता जुळवणं गरजेचं होतं. नुसत्या नावावर विसंबू नका.

प्रत्येक वेळी कंपनी म्हणून नोंद सापडेलच असं नाही. घेणारा एकट्या मालकाचा धंदा असेल, तर या नोंदीत तो नसतो. तेव्हा बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला, की कायदेशीर नाव आणि दुकानाचं नाव दोन्ही दिसतात. त्या १५ अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर C असेल तर कंपनी, P असेल तर व्यक्ती.

मँडेट मी तिथल्या तिथे रद्द केलं. कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते, आणि त्या चारही वेळच्या सूचना माझ्या फोनवर आलेल्या होत्या, जाहिरातींच्या ढिगाखाली. त्यामुळे कंपनीने चोरी केली असं म्हणता येणार नाही. पण १ रुपयाच्या मोठ्या अक्षरांपुढे ३९९ बारीक अक्षरांत लिहिले होते, याचा राग मला आहेच. अटींच्या पानावर तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल होता. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवावं लागतं आणि महिन्याभरात ती निकालात काढावी लागते. चारही यूटीआर लिहून पाठवले. दोन महिन्यांचे ७९८ परत आले, बाकीचे अ‍ॅप वापरलं गेलं म्हणून नाकारले.

त्या भामट्याच्या व्यवहारातही एक नाव दिसतं, एका बाईचं. मला वाटलं होतं, ही सापडली की झालं. काका म्हणाले, असं खातं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या नावाने उघडलेलं किंवा भाड्याने घेतलेलं असतं. ते शोधणं पोलिसांचं काम. त्या नावाने मी काही शोधलं नाही. रोखलेले ६,२०० मिळवायला अर्ज करावा लागेल, असं पोलीस ठाण्यात सांगितलं. तो परवाच दिला.