लिंक्डइनच्या अबाउटमधल्या पहिल्या दोन ओळी: थेट काम सांगायचं की आधी अडचण?

अबाउटमध्ये लिहायला २६०० अक्षरांची जागा असली, तरी फोनवर त्यातल्या सुरुवातीच्या मोजक्याच ओळी दिसतात. बाकीचं ‘सी मोअर’ दाबल्यावर उघडतं. कुठे कापलं जाईल हे फोनच्या पडद्यावर आणि अक्षराच्या आकारावर ठरतं, म्हणून पहिल्या पंधरा शब्दांतच मुद्दा आला पाहिजे असं मी धरून चालतो. आपल्याकडे बरेच जण तालुक्याच्या नेट कॅफेत बसून प्रोफाइल भरतात. तिथल्या मोठ्या पडद्यावर मजकूर जास्त दिसतो, सगळं छान वाटतं, आणि समोरचा मात्र फोनवर अर्धं वाक्य वाचून पुढे जातो.

समजा, अकोल्याहून बीएस्सी ॲग्री केलेली, दारव्हा तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीत काम करणारी एक मुलगी आहे. तिला नागपूर-पुण्याकडच्या शेतमाल खरेदी कंपनीत नोकरी हवी आहे. तिने पहिल्यांदा लिहिलं ते असं:

“नमस्कार, मी एक मेहनती व प्रामाणिक कृषी पदवीधर असून मला शेती क्षेत्रात…”

ही सुरुवात तुलनेतही घेऊ नये. पदवी वर हेडलाइनमध्ये आलीच आहे, आणि मेहनती तर प्रत्येक जण स्वतःला म्हणतो. खरी निवड पुढच्या दोन पद्धतींत आहे.

एक, थेट काम:

“दारव्हा तालुक्यातल्या शेतकरी कंपनीसाठी कापसाचा ओलावा मोजते, प्रतवारी करते आणि खरेदी केंद्रापर्यंत माल पोचवते.”

दोन, आधी अडचण:

“कापसात १२ टक्क्यांवर ओलावा निघाला की ट्रॉली परत. ती परत येऊ नये, हे माझं काम.”

पहिली पद्धत सुरक्षित आहे. ‘सी मोअर’ कोणी दाबलं नाही तरी मुलगी काय करते ते कळलेलं असतं. हेडलाइन मोघम असेल, नुसतं ‘फील्ड ऑफिसर’ एवढंच असेल, तर हीच घ्यावी. तिची उणीव अशी की सगळं सांगून झालेलं असतं, पुढे वाचायला कारण उरत नाही.

दुसरी पद्धत, माझ्या मते, या मुलीसाठी जास्त चांगली. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, १२ टक्क्यांपर्यंत भाव कमी होत जातो आणि त्यापुढे माल घेत नाहीत. कापसाच्या धंद्यातल्या माणसाला हे पाठ असतं. त्यामुळे १२ चा आकडा दिसताच ही पोरगी केंद्रावर उभी राहिलेली आहे, हे तो ओळखतो, आणि ती नेमकं करते काय, हे बघायला पुढचं उघडतो. पण कापसाशी संबंध नसलेल्या, म्हणजे बँकेतल्या किंवा विमा कंपनीतल्या माणसासाठी हा आकडा मुका आहे. तिकडे अर्ज करायचा असेल तर पहिलीच ठेवा.

दुसऱ्या पद्धतीत एक जोखीम असते, ती तिसऱ्या ओळीत. अडचण सांगितली की लगेच उपाय आला पाहिजे: सकाळी दवात वेचलेला कापूस वेगळा ठेवायला लावते, गंजीत वरून, मधून, खालून मीटर लावून बघते, ओला निघाला तर उन्हात पसरवून पुन्हा मोजते, मगच ट्रॉली भरू देते. त्यानंतर हंगामात किती क्विंटल माल असा गेला, तो आकडा. कंपनीच्या वहीत दाखवता येईल तेवढाच लिहायचा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. याऐवजी तिसऱ्या ओळीत “मला वाचनाची व प्रवासाची आवड आहे” आलं, तर उघडणारा माणूस तिथेच बंद करतो.

भाषेचं म्हणाल तर ज्याने वाचायचं त्याची भाषा. परप्रांतातल्या कंपनीसाठी इंग्रजीत लिहा, क्रम हाच ठेवा.

पहिल्या वाक्यानंतर एंटर मारून रिकामी ओळ सोडू नका, चांदण्या-बाणांची रांगही लावू नका. दिसणाऱ्या थोड्या जागेतली ओळ तिथेच खर्च होते आणि “हे माझं काम” कापल्या जाणाऱ्या भागात जातं. मग उरतं फक्त “ट्रॉली परत”, जे तक्रारीसारखं वाचलं जातं.

तपासायचं असेल तर मजकूर जतन करून दोघांच्या फोनवर उघडा, त्यातला एक फोन अक्षर मोठं ठेवणाऱ्या काकांचा असू द्या. ‘सी मोअर’ दाबू देऊ नका आणि विचारा, “ही काय काम करते?” “कापसाचं काहीतरी” एवढंच उत्तर आलं तर दुसरं वाक्य पुढे घ्या: “कापसाची ट्रॉली केंद्रावरून परत येऊ नये, हे माझं काम.” १२ टक्क्यांचा आकडा मग तिसऱ्या ओळीत गेला तरी चालेल.